समांतर भारांची संमिश्र शक्ती व एकत्रित शक्तिगुणक

एकाच प्रत्यावर्ती विद्युत् पुरवठ्यावर समांतर जोडलेल्या अनेक भारांची मिळून होणारी शक्ती व तिचा शक्तिगुणक (पॉवर फॅक्टर) काढण्याची ही रीत आहे. भार समांतर असल्याने सर्वांना दाब एकच मिळतो, प्रवाह मात्र प्रत्येकाचा निराळा असतो. काहींचा प्रवाह दाबाच्या मागे रेंगाळतो, काहींचा दाबाच्या पुढे धावतो. दाब व प्रवाह या दोहोंना परिणामी मूल्य (आरएमएस) व कला यांनी मिळून ठरणाऱ्या संमिश्र संख्यांच्या, म्हणजे फेजरच्या, रूपात मांडले की प्रत्येक भाराची संमिश्र शक्ती पुढील सूत्राने मिळते.

S = V I* = P + jQ

येथे I* म्हणजे प्रवाहाच्या फेजरचा संयुग्मी, P म्हणजे प्रत्यक्ष कामात खर्ची पडणारी सक्रिय शक्ती आणि Q म्हणजे भार व पुरवठा यांच्यात मागेपुढे होत राहणारी प्रतिक्रियी शक्ती. S च्या परिमाणास आभासी शक्ती म्हणतात. समूहाची संमिश्र शक्ती ही घटक भारांच्या संमिश्र शक्तींची बेरीज असते. समूहाचा शक्तिगुणक मात्र घटकांच्या शक्तिगुणकांची बेरीज नसतो, आणि सरासरीही नसतो. एकूण P ला एकूण S च्या परिमाणाने भागले की तो मिळतो.

सूत्रात प्रवाहाचा संयुग्मी का घ्यावा लागतो, हे पाहिले पाहिजे. शक्ती दाब व प्रवाह यांच्या कलांमधील फरकावर अवलंबून असते, त्या कला कोठून मोजल्या यावर नव्हे. V व I यांचा सरळ गुणाकार केल्यास कोनांची बेरीज होते आणि संदर्भरेषा फिरवली की उत्तरही फिरते. एका फेजरचा संयुग्मी घेतला की कोनांची वजाबाकी होते आणि उत्तर संदर्भरेषेपासून मुक्त राहते. हे साधण्यासाठी कोणत्या फेजरचा संयुग्मी घ्यावा, यावर मात्र दीर्घकाळ एकवाक्यता नव्हती. प्रत्यावर्ती मंडलांत संमिश्र संख्यांचा पद्धतशीर वापर १८९३ मध्ये रूढ होऊ लागला. त्या वर्षी आर्थर केनेली यांनी अमेरिकेतील विद्युत् अभियंत्यांच्या संस्थेपुढे संरोधावरील निबंध वाचला आणि चार्ल्स स्टाइनमेट्स यांनी शिकागो येथील आंतरराष्ट्रीय विद्युत् परिषदेत आपली चिन्हपद्धती मांडली. शक्ती ही दुप्पट वारंवारतेने बदलणारी राशी असल्याने ती दाब-प्रवाहांच्या आकृतीत बसत नाही, ही अडचण स्टाइनमेट्स यांनी ओळखली होती व तिच्यासाठी वेगळा गुणाकारनियम योजला होता. त्यांच्या आरंभीच्या लेखनात प्रवर्तनी संरोधाचे चिन्हही आजच्या उलट, r − jx असे आढळते. फेजरच्या फिरण्याची दिशा तुरीन येथील १९११ च्या सुमाराच्या आंतरराष्ट्रीय ठरावानंतर बहुतेकांनी घड्याळाच्या उलट मानली, तरी Q च्या चिन्हाचा प्रश्न त्याने मिटला नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात V* I हे रूप वापरून पुढे धावणाऱ्या प्रवाहाची Q धन मानणारे लेखकही होते. प्रवर्तनी भार प्रतिक्रियी शक्ती ‘घेतो’ व धारित्र ती ‘देते’ हा V I* चा संकेत आता सर्वमान्य आहे आणि प्रस्तुत नोंदीतही तोच पाळला आहे. जुन्या ग्रंथातील उदाहरण सोडवताना आधी त्याचा संकेत तपासावा. अन्यथा धारित्र बसवल्यावर शक्तिगुणक खालावतो, असे विपरीत उत्तर येते.

सक्रिय व प्रतिक्रियी शक्तींची बेरीज स्वतंत्रपणे करता येते, हा नियम फ्रेंच अभियंते पॉल बूशेरो यांच्या नावाने ओळखला जातो आणि तो सामान्यतः १९०० च्या आसपासचा मानला जातो. समांतर जोडणीत त्याची सिद्धता एका ओळीची आहे. एकूण प्रवाह हा शाखाप्रवाहांची बेरीज असतो, बेरजेचा संयुग्मी हा संयुग्मींची बेरीज असतो, आणि V सर्वांना समान असल्याने तो बाहेर काढता येतो. नियम मात्र समांतर जोडणीपुरता नाही. बर्नार्ड टेलेगन यांच्या १९५२ च्या प्रमेयातून तो कोणत्याही जोडणीसाठी निघतो. म्हणूनच लांब केबलमधील ऱ्हासही त्याच बेरजेत एक वेगळा भार म्हणून धरता येतो.

उदाहरण म्हणून खानदेशातील एखादी जिनिंग-प्रेसिंग गिरणी घेऊ. जळगाव, धुळे व नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत कापसाचे पीक असल्याने अशा गिरण्या तेथे जागोजागी दिसतात, आणि त्यांच्या पॅनेलवर या विषयाचे जवळजवळ सर्व प्रकार एकत्र सापडतात. आकडे नमुन्याचे आहेत. त्रिकला पुरवठा संतुलित धरून एका कलेचाच हिशोब करू. कलेचा दाब २४० व्होल्ट असून त्याचा कोन शून्य मानला आहे. रुई व सरकी वेगळ्या करणाऱ्या जिन यंत्रांच्या मोटरी मिळून १०० अँपिअर घेतात आणि त्यांचा प्रवाह ३६.९ अंशांनी मागे आहे. गाठी बांधणाऱ्या प्रेसच्या पंपाची मोटर बहुतांश वेळ जवळजवळ रिकामी फिरते. ती २५ अँपिअर घेते, पण तिचा प्रवाह ६० अंशांनी मागे आहे. दिवे व तापक मिळून दाबाशी समकलेत असलेला २० अँपिअर प्रवाह घेतात.

जिन मोटरींच्या प्रवाहाचा कोन −३६.९ अंश असल्याने त्याच्या संयुग्मीचा कोन +३६.९ अंश होतो. म्हणून त्यांची संमिश्र शक्ती २४० × १०० = २४,००० व्होल्ट-अँपिअर परिमाणाची व त्याच कोनाची, म्हणजे १९.२ + j१४.४ (किलोवॅट व केव्हीएआर) इतकी येते. याच रीतीने प्रेसची ३.० + j५.२ आणि दिवे-तापकांची ४.८ + j० येते. तिन्हींची बेरीज २७.० + j१९.६ होते. तिचे परिमाण ३३.४ केव्हीए आहे आणि शक्तिगुणक २७.० ÷ ३३.४, म्हणजे सुमारे ०.८१, मागे रेंगाळणारा आहे.

तिन्ही भारांचे सुटे शक्तिगुणक ०.८, ०.५ व १ आहेत. त्यांची साधी सरासरी ०.७७ येते आणि ती चूक आहे, कारण तिच्यात लहानशा प्रेसला जिन मोटरींइतकेच वजन मिळते. आभासी शक्तींची अंकगणिती बेरीज करणे ही याहून अधिक आढळणारी चूक होय. २४, ६ व ४.८ यांची बेरीज ३४.८ होते, पण प्रत्यक्षात पुरवठ्यावर ३३.४ केव्हीएचाच भार आहे. हा फरक पॅनेलवर टाँग टेस्टरने दाखवता येतो. तीन शाखांचे वाचन १००, २५ व २० आहे. त्यांची बेरीज १४५ भरते, तरी मुख्य केबलवर १३९ अँपिअरच दिसतात. मापक बिघडल्याची शंका अशा वेळी घेतली जाते, पण टाँग टेस्टर कला दाखवत नाही आणि कला सोडून दिलेले प्रवाह सरळ मिळवता येत नाहीत. याउलट मुख्य केबलवरील वाचन शाखांच्या बेरजेपेक्षा जास्त आले, तर मात्र मापकात दोष आहे किंवा एखादी शाखा मोजायची राहिली आहे, असे निश्चित समजावे.

धारित्र हा याच समूहातील आणखी एक समांतर भार होय. त्याची P जवळजवळ शून्य असते आणि Q ऋण असते. तिन्ही कलांना मिळून ४० केव्हीएआरचा धारित्र-संच बसवला, तर प्रत्येक कलेस −j१३.३ ची भर पडते. एकूण शक्ती २७.० + j६.३ होते, शक्तिगुणक ०.९७ पर्यंत चढतो आणि मुख्य केबलचा प्रवाह १३९ वरून सुमारे ११५ अँपिअरवर येतो. जिन मोटरी मात्र पूर्वीइतकाच, शंभर अँपिअर, प्रवाह घेत राहतात. सुधारणा धारित्राच्या पुरवठ्याकडील बाजूस, म्हणजे केबल, रोहित्र व मीटर यांच्यापाशी, दिसते. मोटरीच्या आत काही बदलत नाही.

कापसाची आवक थांबून जिन बंद पडल्या आणि धारित्र-संच तसाच जोडलेला राहिला, तर हिशोब उलटतो. उरलेली शक्ती ७.८ − j८.१ होते. शक्तिगुणक आता ०.६९ आहे व तो पुढे धावणारा आहे. म्हणजे संचाविना याच भारांचा जो ०.८३ राहिला असता, त्याहूनही तो वाईट आहे. पॅनेलवरील मीटरवर Q च्या आकड्यामागे ऋण चिन्ह किंवा ‘Lead’ हा शब्द येतो, त्यावरून ही स्थिती ओळखता येते. भारानुसार धारित्रांचे टप्पे आपोआप जोडणारा व काढणारा रिले याच कारणासाठी बसवतात.

धन व ऋण Q परस्परांना खोडतात हा नियम एकाच क्षणी जोडलेल्या भारांना लागू आहे. दिवसाच्या वेगवेगळ्या तासांना तो लागू नाही. महाराष्ट्रात उच्चदाब ग्राहकांच्या बिलासाठी वापरल्या जाणाऱ्या सूत्रात मागे रेंगाळणाऱ्या व पुढे धावणाऱ्या प्रतिक्रियी ऊर्जांच्या नोंदी चिन्ह न पाहता मिळवतात. वरील गिरणी आठ तास जिनसह व चार तास जिनविना चालली असे धरल्यास तिन्ही कलांची मिळून सक्रिय ऊर्जा सुमारे ७४२ युनिट भरते; मागची प्रतिक्रियी ऊर्जा सुमारे १५० व पुढची सुमारे ९८ होते. दोन्ही मिळवून सरासरी शक्तिगुणक ०.९५ येतो. एकीतून दुसरी वजा केली असती, तर तो ०.९९ हून अधिक दिसला असता. मिळवण्याची रीत प्रस्तुत नोंदीच्या मते योग्य आहे, कारण दुपारी केबलमधून वाहिलेला जादा प्रवाह रात्रीच्या उलट प्रवाहाने पुसला जात नाही. तार दोन्ही वेळा तापते.

ही संपूर्ण मांडणी दाब व प्रवाह शुद्ध ज्यावक्री आहेत आणि तिन्ही कला संतुलित आहेत, या गृहीतांवर उभी आहे. मोटरींना वेगनियंत्रक (व्हीएफडी) बसवले की प्रवाहात पाचव्या व सातव्या पटीचे गुणावर्ती घटक शिरतात आणि S चा वर्ग हा P व Q यांच्या वर्गांच्या बेरजेहून मोठा भरतो. उरलेल्या भागाला काय म्हणावे, यावर कॉन्स्टान्टिन बुडेआनू (१९२७) व स्टानिस्लाव फ्रिझे (१९३०च्या दशकाचा आरंभ) यांची मते भिन्न आहेत. बुडेआनू यांनी तो विरूपण शक्ती म्हणून वेगळा काढला, तर फ्रिझे यांनी प्रवाहाचेच सक्रिय व बाकीचा असे दोन भाग केले. पुढील अभ्यासकांचा कल बुडेआनू यांच्या व्याख्येपासून दूर जाण्याकडे दिसतो. आयईईई १४५९ या मानकाने मूळ वारंवारतेची शक्ती वेगळी धरली आहे. फेजरने काढलेली संमिश्र शक्ती व तिची बेरीज त्या भागापुरती तंतोतंत लागू पडते. केवळ धारित्रे वाढवून अशा पॅनेलचा शक्तिगुणक एका मर्यादेपलीकडे चढत नाही. धारित्रे अकारण तापू लागली किंवा त्यांचा प्रवाह पाटीवरील आकड्याहून बराच जास्त भरला, तर गुणावर्ती घटकांची मोजणी आधी करावी आणि नवा संच त्यानंतर मागवावा.