अरबी शब्दकोशात ‘अद्रब’ शोधताना

अरबी वर्तमानपत्रात असे वाक्य सहज भेटते: ‘अद्रब अल्-उम्माल अन् अल्-अमल’. ‘उम्माल’ म्हणजे कामगार आणि ‘अमल’ म्हणजे काम, एवढे आपल्याला माहीत आहे असे समजू. अडते ते पहिल्या शब्दाशी, कारण छापील मजकुरात ऱ्हस्व स्वर बहुधा लिहिलेलेच नसतात. समोर दिसतात ती फक्त चार अक्षरे: अलिफ, दाद, रा आणि बा.

हान्स वेअर यांचा कोश (मूळ जर्मन आवृत्ती 1952, इंग्रजी आवृत्ती 1961) अरबी शिकणाऱ्यांच्या हाती सर्रास असतो. त्यात बहुतेक शब्द त्यांच्या धातूखाली लावलेले आहेत, म्हणून आरंभीचे अलिफ बाजूला काढून ‘द-र-ब’ हा धातू काढावा लागतो. त्याखाली मात्र अर्थांची गर्दीच आहे. ‘दरब’ म्हणजे मारणे. पण त्याचे कर्म ‘मसल’ असेल तर दाखला देणे, आणि दोन संख्यांच्या मध्ये ‘फी’ हे अव्यय आले तर गुणणे. (आपली ‘जरब’ याच धातूची, फारसीमार्गे आलेली.)

कोशात क्रियापदाची साधित रूपे रोमन अंकांनी दाखवतात. आपली चार अक्षरे पहिल्या रूपात ‘अद्रिबु’, म्हणजे ‘मी मारतो’, अशीही वाचता येतात आणि चौथ्या रूपात ‘अद्रब’ अशीही. पहिले वाचन घेतले तर ‘मी कामगारांना मारतो’ असे वाक्य तयार होते, आणि व्याकरणाच्या दृष्टीने त्यात काहीच खोट नसते! निकाल लागतो तो ‘अन्’ या छोट्या अव्ययावर. चौथ्या रूपापुढे कोशात हेच अव्यय नोंदवलेले असून त्याच्यासह अर्थ दिला आहे तो एखादी गोष्ट सोडून देणे, संप करणे असा. म्हणजे कामगारांनी संप केला. कर्ता अनेकवचनी असून क्रियापद एकवचनी कसे, ही शंकाही उरत नाही, कारण क्रियापद कर्त्याच्या आधी आले की अरबीत ते एकवचनीच राहते. ‘अमल’च्या जागी ‘तआम’, म्हणजे अन्न, आले असते तर तेच उपोषण ठरले असते.

धातू काढणे नेहमी इतके सोपे नसते. ‘मुद्तरिब’ (अस्वस्थ) हाही याच धातूचा, आठव्या रूपातला शब्द. त्या रूपात पहिल्या अक्षरानंतर ‘त’ घुसतो, आणि इथे दादच्या शेजारी येऊन तो जड ‘त’ बनतो, लिहिलाही वेगळ्या अक्षराने जातो. त्यामुळे नवशिक्याला तो धातूचाच भाग वाटतो आणि चार अक्षरी धातू शोधण्यात वेळ जातो. ‘मीजान’ (तराजू) या शब्दात तर ‘व-ज-न’ धातूचा ‘व’ दीर्घ ‘ई’त विरून गेला आहे, ‘म-य-ज’ हा धातू धरून शोधले तर वाट चुकते. अशा वेळी दीर्घ स्वराच्या जागी ‘व’ किंवा ‘य’ धरून पाहावे, आणि नोंद सापडली तरी तिच्याखाली आपल्याला हवे असलेले रूप खरोखर दिले आहे का, हे तपासल्याशिवाय अर्थ उचलू नये.