काचेवरील उलटी चित्रे : कालनिश्चिती

काचेच्या मागील बाजूवर रंगवून पुढून पाहावयाचे चित्र. भारतात हे तंत्र अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात चीनमधील कँटन बंदराच्या व्यापारातून पश्चिम किनाऱ्यावर आले असावे. ते युरोपातून थेट आले असेही एक मत आहे. परंतु सातारा व कच्छ भागांतील जुन्या चित्रांतील चेहऱ्यांची चिनी वळणाची ठेवण पाहता पहिले मत अधिक ग्राह्य वाटते. तंजावर व म्हैसूर ही दक्षिणेतील केंद्रे होत. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अशी चित्रे आहेत.

या चित्रात रंगाचा क्रम उलटा असतो. डोळ्यांची रेघ, दागिन्यांचे ठिपके, वस्त्राची किनार आधी काढतात. मग अंगाचा व वस्त्राचा सपाट रंग, आणि पार्श्वभूमी सर्वांत शेवटी. वयाच्या खुणा वाचण्याची किल्ली या क्रमातच आहे. गुळगुळीत काचेला रंग घट्ट धरत नाही. रंगातील गोंद किंवा तेल सुकून ठिसूळ झाले आणि चौकटीच्या खालच्या कडेला ओल साचली, की पोपडे सुटू लागतात. अशी झीज अनियमित असते, कडेकडून आत सरकते आणि पोपड्यांच्या कडा वळलेल्या दिसतात. जुने भासवण्यासाठी मुद्दाम खरवडलेल्या चित्रात मात्र रंगाची गळती सर्वत्र सारखी असते, व भिंगाखाली हत्याराचे समांतर ओरखडे सापडतात. नंतरची दुरुस्तीही लपत नाही. मागून लावलेला नवा रंग पुढून फक्त गळलेल्या जागीच दिसतो, त्यामुळे तेथे सपाट ठिगळ दिसते आणि दागिन्याची रेघ मध्येच तुटते. मागची बाजू ओल्या फडक्याने कधीही पुसू नये. गोंदातला रंग उतरतो.

जुनी काच पातळ, किंचित लाटदार व बुडबुड्यांची असते. तिरप्या उजेडात पाहिल्यास खिडकीचे प्रतिबिंब वाकडे दिसते. वितळलेल्या धातूवर तरंगवून केलेली सपाट फ्लोट काच १९५९ नंतरची. अशा फ्लोट काचेवर शतकापूर्वीचे चित्र असणे शक्य नाही. उलट, लाटदार काच आढळली म्हणून चित्र जुने ठरत नाही, कारण जुन्या काचा पुन्हा वापरता येतात. चौकटीचा पुरावा त्याहून कमकुवत आहे. चौकट अनेकदा बदललेली असते, आणि मागील प्लायवूड किंवा तारेचे खिळे बहुधा दुरुस्तीचा काळ सांगतात.

उदाहरणार्थ, समजा कमळावर उभी लक्ष्मी आहे, काच लाटदार आहे, खालची कड गळलेली आहे, आणि रचना राजा रविवर्मा यांच्या छापखान्यातील लक्ष्मीच्या चित्राशी जुळते. विक्रेता 'पेशवेकालीन' म्हणतो. छापखाना १८९४ मध्ये सुरू झाला, म्हणून काच कितीही जुनी असली तरी चित्र त्याआधीचे नाही. आता रंगाचा क्रम पाहावा. दागिन्यांचे ठिपके काचेला थेट चिकटलेले असून त्यांच्यामागे वस्त्राचा रंग सलग असेल, आणि ठिपक्यांच्या खालच्या गळतीत जुनी धूळ बसलेली असेल, तर विसाव्या शतकाचा पूर्वार्ध हा अंदाज सयुक्तिक ठरतो. त्याहून नेमके वर्ष या खुणांवरून काढता येत नाही.