एक्सेलमधून खरेदी बिलांचे इम्पोर्ट

एक्सेलच्या फाइलमध्ये उतरवलेली खरेदीची बिले एकेक हाताने न मारता एकदम हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये घेण्याची पद्धत. भारतात हे काम बहुतेक ठिकाणी टॅलीप्राइममध्ये होते. त्याच्या ४.० आवृत्तीपासून एक्सेल फाइल थेट घेता येते. त्याआधी फाइलचे एक्सएमएल करावे लागे किंवा बाहेरून एखादे जोडसाधन विकत घ्यावे लागे. फाइल आत जायला दोन मिनिटे पुरतात. खरा वेळ जातो तो कॉलम, तारखा आणि कर यांची जुळणी करण्यात.

कॉलमची जुळणी

दुकानातले खरेदीचे रजिस्टर आडवे असते: एका बिलाला एक ओळ, तीत तारीख, बिल नंबर, पार्टी, करपात्र रक्कम, सीजीएसटी, एसजीएसटी, एकूण. टॅलीतली बिलाची नोंद, म्हणजे व्हाउचर, मात्र उभे असते, कारण त्यात प्रत्येक लेजरची, म्हणजे खात्याची, नावे-जमा वेगळी लिहावी लागते. टॅलीच्या नमुना फाइलमध्ये `Ledger Name`, `Ledger Amount` आणि `Ledger Amount Dr/Cr` असे कॉलम असतात आणि एक बिल चार-पाच ओळींत पसरते.

कोल्हापुरातल्या एका हार्डवेअर दुकानाचे उदाहरण घेऊ. पाइप फिटिंगचे १८ टक्क्यांचे बिल आहे, करपात्र रक्कम १२,४३७.२५. सीजीएसटी १,११९.३५ आणि एसजीएसटी तेवढाच, बेरीज १४,६७५.९५ आणि बिलावर छापलेला आकडा १४,६७६. इथे पार्टी १४,६७६ ने जमा होते, खरेदी आणि दोन्ही कर नावे पडतात आणि उरलेले पाच पैसे राउंड ऑफच्या लेजरला जातात. रजिस्टरमध्ये राउंड ऑफचा कॉलमच नसेल, तर व्हाउचरच्या दोन बाजू जुळत नाहीत आणि ते अडते. एवढ्याशा पाच पैशांनी शंभर बिले अडकलेली पाहिली, की हा कॉलम आधी टाकायची सवय लागते.

पार्टीचे नाव लेजरशी अक्षरशः जुळावे लागते. शेवटी राहिलेली एक स्पेस किंवा ‘ट्रेडर्स’ऐवजी ‘ट्रेडिंग’ एवढ्यानेही लेजर सापडत नाही. म्हणून नावावर विसंबण्यापेक्षा जीएसटी क्रमांकावर विसंबावे. टॅलीतून लेजरची यादी क्रमांकासह काढून घ्यावी आणि व्हीलुकअपने त्या पंधरा अक्षरी क्रमांकासमोरचे टॅलीतले नाव रजिस्टरमध्ये आणावे. ज्या ओळीत `#N/A` दिसेल, ती पार्टी नवीन आहे, तिचा क्रमांक चुकला आहे किंवा तिला क्रमांकच नाही.

बिल नंबरलाही एक्सेल हात लावते. ‘००१२३’चे १२३ होते आणि ‘५/२४’ची तारीख होते. जीएसटीच्या नियमांप्रमाणे बिल नंबर सोळा अक्षरांपर्यंत असू शकतो, पण निव्वळ आकड्यांचा असेल तर एक्सेल पंधराच आकडे राखते आणि सोळाव्या जागी शून्य घालते. हा कॉलम भरण्याआधीच टेक्स्ट करून ठेवावा. नंतर केल्याने गेलेले शून्य परत येत नाही.

तारखा

पुरवठादाराकडून आलेली सीएसव्ही फाइल अमेरिकन तारखेवर चालणाऱ्या संगणकात नुसती दोनदा क्लिक करून उघडली, की महिना आणि दिवस यांची अदलाबदल होते. एप्रिल २०२४ चे रजिस्टर असेल तर ०५/०४/२०२४ ची ४ मे होते. १३ तारखेपासून पुढे मात्र तेरावा महिना नसल्याने एक्सेल त्यांना हात न लावता टेक्स्ट म्हणून सोडून देते.

यातली वाईट गोष्ट अशी, की चूक पूर्ण दिसत नाही. १३ ते ३० तारखांची बिले तारीख वाचता न आल्याने अडू शकतात. १, २ आणि ३ एप्रिलची बिले जानेवारी, फेब्रुवारी, मार्चमध्ये, म्हणजे मागच्या आर्थिक वर्षात पडतात. पुस्तके १ एप्रिलपासून असतील तर तीही अडतात. ४ एप्रिल नशिबाने बरोबर राहते. पण ५ ते १२ या आठ दिवसांची बिले मे ते डिसेंबरमध्ये मुकाट्याने जाऊन बसतात आणि सॉफ्टवेअरला त्यात काहीच वावगे वाटत नाही.

ओळखायची खूण सोपी आहे. खरी तारीख सेलमध्ये उजवीकडे टेकते, टेक्स्ट डावीकडे. कॉलम अर्धा इकडे अर्धा तिकडे दिसला, की समजावे. शिवाय बिघडलेल्या सगळ्या तारखा महिन्याच्या ४ तारखेच्याच निघतात. सर्वांत चांगला उपाय म्हणजे मूळ फाइल एक्सेलच्या डेटा मेनूतून पुन्हा घेणे आणि त्या कॉलमला `DMY` सांगणे. मूळ फाइल नसेल तर हे सूत्र चालते:

```
=IF(ISNUMBER(B2),DATE(YEAR(B2),DAY(B2),MONTH(B2)),
 DATE(RIGHT(B2,4),MID(B2,4,2),LEFT(B2,2)))
```

सूत्र एकदाच लावावे, आणि तेही सगळा कॉलम बिघडला असेल तरच. बरोबर तारखा ते उलट बिघडवते.

व्हाउचरची तारीख आणि पुरवठादाराच्या बिलाची तारीख या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ३० एप्रिलचे बिल माल आल्यावर ३ मेला नोंदवले, तर दोन्ही तारखा आपापल्या कॉलममध्ये जायला हव्यात. पुरवठादारांनी भरलेल्या विवरणांवरून जीएसटी पोर्टलवर तयार होणाऱ्या जीएसटीआर-२बी या यादीशी मेळ घालताना पुरवठादाराचाच बिल नंबर आणि तारीख लागते.

कराची जुळणी

‘१८’ एवढे लिहिलेला कॉलम कर सांगायला पुरत नाही. सुरतच्या पुरवठादाराच्या १८ टक्क्यांचा आयजीएसटी होतो, सांगलीच्या पुरवठादाराचे ९ आणि ९ होतात. म्हणून पुष्कळ जण जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन आकडे पाहून सूत्र लावतात: २७ म्हणजे महाराष्ट्र, बाकी सगळा आयजीएसटी. हे बहुतेक बिलांना चालते आणि गोव्याच्या हॉटेलात फसते. हॉटेलचा क्रमांक ३० ने सुरू होतो, पण मुक्कामाच्या पुरवठ्याचे ठिकाण गोवाच धरले जाते. त्यामुळे बिलावर सीजीएसटी आणि गोव्याचा एसजीएसटी लागतो आणि कोल्हापूरच्या दुकानाला त्याची वजावट मिळत नाही. तो कर खर्चातच धरायचा. सूत्राने तिथे आयजीएसटी टाकला, तर न मिळणारी वजावट पुस्तकात चढते. तेव्हा कराच्या रकमा बिलावरून घ्याव्यात आणि सूत्र फक्त तपासायला वापरावे.

शून्य कराची ओळ त्याहून फसवी असते. करमाफ माल, कंपोझिशनवाल्याचे बिल, नोंदणी नसलेला विक्रेता आणि रिव्हर्स चार्जवरचे ट्रक भाडे, चौघांसमोर एक्सेलमध्ये शून्यच दिसते. यातल्या शेवटच्यावर कर दुकानदाराने स्वतः भरायचा असतो. म्हणून शून्याचे कारण सांगणारा वेगळा कॉलम ठेवावा.

दर जुळवताना बिलाची तारीखही पाहावी लागते. २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ आणि २८ टक्क्यांतला बहुतेक माल ५, १८ किंवा ४० टक्क्यांत गेला. त्याआधीची राहिलेली बिले आज चढवली तरी बिलावरचा जुना दरच घ्यायचा.

काही जण हे सगळे टाळून पुढच्या महिन्याच्या १४ तारखेला तयार होणारी २बीची एक्सेल फाइलच इम्पोर्ट करतात. तिच्यात मालाचा तपशील नसतो आणि नोंदणी नसलेल्यांची खरेदीही नसते. शिवाय नंतर २बीशी मेळ घालताना ती फाइल स्वतःशीच ताडली जाते, त्यामुळे न आलेल्या मालाचे बिलही बिनबोभाट जुळते.

इम्पोर्ट आणि तपासणी

आधी बॅकअप घ्यावा, मग पाचच बिलांची फाइल चालवून पाहावी: एक राज्यातले, एक बाहेरचे, एक शून्य कराचे, एक राउंड ऑफचे आणि एक दोन दरांचे. ती बरोबर उतरली की उरलेल्या बिलांची फाइल घ्यावी, पण त्यातून ही पाच काढून. नंतर तीन गोष्टी रजिस्टरशी ताडाव्यात: बिलांची संख्या, पार्टींच्या जमेची बेरीज आणि प्रत्येक महिन्याची खरेदी. बिघडलेल्या तारखा पहिल्या दोन तपासण्यांत निसटतात. त्या तिसरीतच सापडतात, कारण एप्रिलच्या फाइलमधून डिसेंबरला खरेदी दिसते.

अर्धवट अडलेल्या फाइलची दुरुस्ती करून ती सबंध पुन्हा चालवली, तर आधी गेलेली बिले दुसऱ्यांदा चढू शकतात. अडलेल्या ओळी वेगळ्या फाइलमध्ये काढून तेवढ्याच चालवाव्यात. दुबार चढलीच, तर एकेक व्हाउचर शोधून पुसण्यापेक्षा बॅकअप परत घेणे लवकर उरकते, अर्थात दरम्यान कोणी दुसऱ्या एंट्र्या मारल्या नसतील तर.