अणुबॅटरीवर मोबाइल 50 वर्षं?

“नाण्याएवढी अणुबॅटरी आलीय, आता 50 वर्षं मोबाइल चार्जच करायला नको म्हणे. खरंय का?”

नाही. बॅटरी खरी आहे, मोबाइलचं तेवढं खोटं. 2024 च्या जानेवारीत चीनच्या बीटाव्होल्ट कंपनीने दाखवलेली ही बॅटरी 100 मायक्रोवॅट, म्हणजे एका वॅटचा दहा हजारावा भाग देते. मोबाइलच्या बॅटरीत साधारण 19 वॅट-तास ऊर्जा मावते. भागाकार करा: एकदा फुल चार्ज व्हायला सुमारे 22 वर्षं!

आत किरणोत्सारी निकेल-63 चा पातळ पत्रा आणि त्याला लागून हिऱ्याचा अर्धवाहक असतो. निकेलमधून सुटणारे इलेक्ट्रॉन अर्धवाहकावर आदळले की वीज तयार होते, सोलर पॅनेलसारखीच, फक्त उन्हाऐवजी किरणोत्सार. पत्रा जाड करून भागत नाही, कारण खोलवरचे इलेक्ट्रॉन धातूतच अडकतात. निकेल-63 निम्मं व्हायला सुमारे 100 वर्षं लागतात, म्हणून आयुष्य मोठं.

1970 च्या दशकात प्रोमेथियम-147 वर चालणारे पेसमेकर माणसांच्या छातीत बसवले होते. पुढे लिथियम बॅटरीने त्यांची जागा घेतली. आज अशी बॅटरी शोभते ती हात पोचत नाही तिथल्या सेन्सरला. व्हॉयेजर अंतराळयानांचं तंत्र वेगळं: तिथे प्लुटोनियमच्या उष्णतेपासून वीज होते.