कॉफी आतडं ‘धुऊन’ काढते का?

“सकाळी कॉफी घेतली की लगेच जावं लागतं, म्हणजे ती थेट आतड्यात उतरते आणि साठलेली घाण धुऊन काढते.”

घड्याळ लावून पाहिलं तर हे जमत नाही. काहींच्या मोठ्या आतड्याची हालचाल कॉफीनंतर चारेक मिनिटांतच वाढते, पण प्यालेली कॉफी तिथे पोचायला काही तास लागतात. म्हणजे बाहेर पडतं ते आधीच्या एक-दोन दिवसांतलंच. कॉफी जठरात गेली की गॅस्ट्रिनसारखी संप्रेरकं आणि मज्जातंतू मोठ्या आतड्याला निरोप देतात, आणि ते आकुंचन पावतं. सगळा दोष कॅफिनचा नाही; कॅफिन काढलेल्या कॉफीनेही काहींना असंच होतं.

इंदूरला माझ्या मावशीला सातची कॉफी झाली की सव्वासातला जावंच लागे, वर नऊच्या सुमाराला पोट फुगून गुडगुडायचं. मला या दोन वेगळ्या गोष्टी वाटल्या. तीन दिवस तिने तेवढीच कॉफी बिनदुधाची घेतली. गुडगुड थांबली, सव्वासातची घाई तशीच राहिली. उशिराचा त्रास बहुधा दुधातल्या लॅक्टोज या साखरेचा होता. मग कॉफीची वेळ दुपारी चारची ठेवली, कारण सकाळी आतडं मुळातच जास्त चळवळं असतं. घाई बरीच कमी झाली. एका वेळी एकच बदल करा, नाहीतर कारण कळत नाही.

शौचात रक्त, वजन घटणं किंवा रात्री झोपेतून उठावं लागणं हे मात्र कॉफीवर ढकलू नका, डॉक्टरांना दाखवा.