इन्सर्शन सॉर्ट आणि सिलेक्शन सॉर्ट

यादी चढत्या क्रमाने लावण्याच्या या दोन सोप्या पद्धती आहेत. दोन्हींत डावीकडचा भाग फेरीगणिक लागत जातो, म्हणून त्या सारख्या भासतात. त्या भागाचा अर्थ मात्र वेगळा असतो.

गोव्याचे सगळे पिनकोड ४०३ने सुरू होतात, म्हणून इथे शेवटचे तीनच अंक घेऊ: मडगाव ६०१, पणजी ००१, वास्को ८०२, फोंडा ४०१, म्हापसा ५०७.

सिलेक्शन सॉर्ट उरलेल्या भागातला सर्वांत लहान आकडा शोधून त्या भागाच्या पहिल्या जागी आणतो. पहिल्या फेरीत ००१ आणि ६०१ यांची अदलाबदल होते: ००१, ६०१, ८०२, ४०१, ५०७. दुसऱ्या फेरीनंतर ००१, ४०१, ८०२, ६०१, ५०७. तिसऱ्यात ८०२ आणि ५०७ जागा बदलतात आणि यादी लागते. चौथ्या फेरीत ६०१ व ८०२ यांची तुलना तरीही होतेच. एकूण ४+३+२+१, म्हणजे १० तुलना आणि ३ अदलाबदली.

इन्सर्शन सॉर्ट पुढचा आकडा उचलतो आणि डावीकडचे मोठे आकडे एकेक घर उजवीकडे सरकवून त्याला जागा करून देतो. पहिल्या फेरीत ००१ पुढे येतो, ६०१ सरकतो. यादी सिलेक्शनच्या पहिल्या फेरीसारखीच दिसते, त्यामुळे एवढ्यावरून पद्धत ओळखता येत नाही. दुसऱ्या फेरीत ८०२ची फक्त ६०१शी तुलना होते आणि तो जागचा हलत नाही. इथे फरक उघड होतो: डावीकडचे ००१, ६०१, ८०२ आपसांत क्रमाने आहेत, पण ६०१ची जागा अजून पक्की नाही. तिसऱ्या फेरीत ४०१ येतो, ८०२ आणि ६०१ सरकतात: ००१, ४०१, ६०१, ८०२, ५०७. चौथ्यात ५०७साठी तेच दोघे पुन्हा सरकतात. एकूण ८ तुलना, ५ सरकवण्या. सिलेक्शनमध्ये मात्र जागेवर बसलेला आकडा पुन्हा हलत नाही.

यादी आधीच लागलेली असेल तर इन्सर्शनला ४ तुलना पुरतात. उलटी असेल तर १० लागतात. सिलेक्शनला दोन्ही वेळा १०च. म्हणून जवळजवळ लागलेल्या यादीत एखादी नवी नोंद घालायची असेल, तर इन्सर्शनच घ्यावा.

पायथनमध्ये इन्सर्शनचा गाभा असा:

```
key = a[i]
j = i - 1
while j >= 0 and a[j] > key:
    a[j+1] = a[j]
    j -= 1
a[j+1] = key
```

`j >= 0` गाळले तर गोची होते. पायथनमध्ये `a[-1]` म्हणजे शेवटचा घटक, त्यामुळे प्रोग्रॅम तिथेच थांबत नाही. वरच्या यादीत ००१ बसवताना शेवटचा ५०७ पहिल्या घरात उतरतो, पुढे बाकीची घरेही बिघडतात आणि `IndexError` येतो तो त्यानंतरच. यादीत एखादा आकडा दोनदा दिसू लागला आणि दुसरा नाहीसा झाला, तर आधी ही अट तपासावी.