आलेख वर वळतोय, पण वाढ घातांकी आहे का?

एखाद्या साथीत चार आठवड्यांत सापडलेले नवे रुग्ण असे आहेत असं समजू: 100, 130, 169, 220. आता दुसरी मालिका बघा: 100, 140, 180, 220. पहिलीत दर आठवड्याला 30 टक्के वाढ आहे, म्हणजे घातांकी वाढ. दुसरीत दर आठवड्याला 40 रुग्णांची भर पडते, म्हणजे रेषीय वाढ. साध्या अक्षावर, म्हणजे 100 ते 200 आणि 200 ते 300 ही अंतरं सारखीच असलेल्या आलेखावर, दोन्ही काढल्या तर मधल्या ठिपक्यांत जेमतेम दहा-अकरा रुग्णांचा फरक पडतो. आणि 180 च्या आकड्यात निव्वळ योगायोगानेच तेरा-एक रुग्ण इकडेतिकडे होऊ शकतात (180 चं वर्गमूळ तेवढंच येतं). रुग्ण घोळक्याने सापडतात, त्यामुळे प्रत्यक्षात हा चढउतार आणखी मोठा असतो. थोडक्यात, या चार ठिपक्यांवरून वाढ कोणत्या प्रकारची हे कुणालाच सांगता येणार नाही.

सहाव्या आठवड्यात पहिली मालिका 371 वर पोहोचते, दुसरी 300 वर. आठव्यात 627 आणि 380. इथे मात्र शंकेला जागा उरत नाही. आठवड्याला 30 टक्के वाढ म्हणजे सुमारे 2.6 आठवड्यांत दुप्पट. पहिल्या चार आठवड्यांत एकच दुपटी झाली होती, म्हणून ती सरळ रेषेत खपून गेली. निदान दोन दुपट्या, म्हणजे चौपट वाढ दिसेपर्यंत घाईने निष्कर्ष काढू नये.

तेवढा काळ हाताशी असला की साध्या अक्षावरही एक पट्टी पुरते. शेवटच्या भरवशाच्या ठिपक्याची उंची घ्या, तिच्या निम्म्या उंचीवर आडवी रेघ ओढा आणि ती आलेखाला कुठे छेदते ते बघा. मग त्याच्याही निम्म्यावर. दोन छेदांमधलं आडवं अंतर, म्हणजेच दुपटीचा काळ, मोजा. घातांकी मालिकेत 627 हा आकडा आठव्या आठवड्याचा. 314 साधारण 5.4 व्या आठवड्याला येतो आणि 157 हा 2.7 व्या. दोन्ही अंतरं सारखीच, 2.6 आठवडे. रेषीय मालिकेत 380 वरून 190 पर्यंत मागे जायला 4.75 आठवडे लागतात, पण 190 वरून 95 पर्यंत जायला 2.4 च. मागे जाताना अंतर निम्मं होत गेलं, म्हणजे पुढे येताना प्रत्येक दुपटीला आधीपेक्षा दुप्पट वेळ लागतोय.

ही मोजणी करण्याआधी उभा अक्ष शून्यापासून सुरू होतोय ना, हे बघायलाच हवं. तो 80 पासून सुरू केलेला असेल तर पट्टीवरची निम्मी उंची म्हणजे निम्मे रुग्ण नव्हेत.

‘अमुक तारखेपासून आलेख एकदम वर वळला’ हे वाक्यही याच अक्षाची करामत आहे. घातांकी वक्राला वळणाची अशी खास तारीख नसतेच. अक्षाचं वरचं टोक 250 ठेवलं तर वळण चौथ्या आठवड्याच्या आसपास भासतं. तेच 3000 ठेवलं की पहिले आठ आठवडे जवळपास सपाट होतात आणि वळण पुढे सरकतं. वाढीचा दर मात्र तसूभरही बदललेला नसतो.

सगळ्यात जास्त फसगत होते ती एकूण रुग्णांच्या आलेखात. रोजचे नवे रुग्ण स्थिर असले तरी एकूण संख्या सरळ रेषेत चढत राहते. नवे रुग्ण रेषीय वाढत असतील तर एकूण संख्येचा आलेख चक्क वर वाकतो, आणि तो वाक बघून लोक त्याला घातांकी म्हणून मोकळे होतात. म्हणून पट्टी लावायची ती नव्या रुग्णांच्या आलेखावर. सुट्टीच्या दिवशी नोंदी कमी होतात, तेव्हा रोजच्या आकड्यांऐवजी सात दिवसांची बेरीज घ्यावी. शेवटचे काही दिवस सोडून द्यावेत. उशिरा येणाऱ्या नोंदींमुळे ते ठिपके नेहमीच खाली असतात आणि साथ ओसरल्याचा भास होतो.

उलटंही घडतं: संसर्ग घातांकी वाढत असतो आणि आलेख मात्र सरळ होतो. रोजच्या चाचण्यांची मर्यादा गाठली की सापडणारे रुग्ण त्या मर्यादेत अडकतात. अशा वेळी चाचण्यांपैकी किती टक्के बाधित निघतात ते बघावं. ते प्रमाण चढत असेल, तर सरळ झालेली रेषा साथीची नाही, प्रयोगशाळेच्या क्षमतेची आहे.

वाक खरा असला तरी तो घातांकीच असेल असंही नाही. अमेरिकेत 1980 च्या दशकात एड्सच्या एकूण रुग्णांची संख्या साधारणपणे काळाच्या घनाप्रमाणे वाढत गेली, असं 1989 मध्ये लॉस अलामोस प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी मांडलं. काळ दुप्पट झाला की रुग्ण आठपट. साध्या अक्षावर असा वक्र घातांकीच वाटतो. पण पट्टी लावली तर प्रत्येक दुपटीला आधीच्या दुपटीपेक्षा सुमारे सव्वापट वेळ लागलेला दिसतो.